धानाची प्रत आणि सुखाची प्रत

दिवाळी सरून हलके धान घरी आले की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. कापणी झालेल्या बांधीत मंडप पडतो, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेच्या गारठ्यात लोक पांघरुणे सावरीत घरी परततात. साकोली, लाखनी, लाखांदूर या भागात हा क्रम होळीच्या आसपासपर्यंत चालू असतो. आणि दरवर्षी याच दिवसांत आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एक तक्रारही ऐकू येते. नाटकाला हजारांनी जमणारे लोक अभ्यासवर्गाला पंचवीससुद्धा जमत नाहीत. मंडपावर पैसा उधळला जातो, गावच्या वाचनालयाच्या कपाटाचे कुलूप मात्र गंजते. लोकांना हलक्या करमणुकीची चटक लागली आहे.

या तक्रारीत दोन विधाने मिसळलेली आहेत. वाचनालय असावे, लोकांनी वाचावे, हे एक. त्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. दुसरे विधान असे की वाचनाचे सुख हे मुळातच वरच्या प्रतीचे आणि दंडारीचे सुख खालच्या प्रतीचे. हे दुसरे विधान आपण इतक्या सहजपणे करतो की त्याला काही आधार आहे काय, हे तपासण्याची गरजच आपल्याला वाटत नाही. वस्तुतः या प्रश्नावर गेली दोनशे वर्षे वाद चालू आहे, आणि त्याचा निकाल तक्रार करणाऱ्याच्या बाजूने लागला आहे असे म्हणता येत नाही.

उपयुक्ततावादाचा पहिला मोठा प्रवक्ता जेरेमी बेंथम. कृत्य चांगले की वाईट हे त्यातून निपजणाऱ्या सुखदुःखाच्या बेरजेवरून ठरवावे, असे त्याने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. सुख मोजण्याची मापेही त्याने दिली: ते किती तीव्र, किती काळ टिकणारे, किती निश्चित, किती जवळचे, त्यातून पुढे आणखी सुख उगवेल काय, त्यामागून दुःख तर येणार नाही ना, आणि ते किती माणसांपर्यंत पोहोचते. या मापांत सुखाच्या प्रतिष्ठेला जागा नाही. सुख तेवढेच मिळत असेल तर मुलांचा टाचण्यांचा खेळ आणि काव्य यांत मूल्याचा फरक नाही, असे त्याने पुढे स्पष्टच म्हटले.

यावर प्रतिष्ठितांकडून गदारोळ होणे स्वाभाविक होते. हे तर डुकरांचे तत्त्वज्ञान, अशी कार्लाइलने संभावना केली. या आक्षेपाला जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये नियतकालिकातून व १८६३ मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिले. त्याचे म्हणणे असे की सुखासुखांत केवळ मात्रेचा नव्हे, प्रतीचाही फरक असतो. बुद्धी, भावना, कल्पना आणि नैतिक जाणीव यांचे सुख वरच्या प्रतीचे. निव्वळ शरीराचे सुख खालचे. हे ठरवणार कोण? ज्यांनी दोन्ही सुखे अनुभवली आहेत ते. अशा जाणत्यांपैकी सर्वांनी किंवा जवळजवळ सर्वांनी एका सुखाला पसंती दिली, आणि दुसरे सुख कितीही मोठ्या प्रमाणात देऊ केले तरी पहिले सोडण्यास ते तयार झाले नाहीत, तर पहिले सुख श्रेष्ठ प्रतीचे समजावे. आगरकरांच्या पिढीने मिल आदराने वाचला आणि सुशिक्षितांच्या मनात ही उतरंड तेव्हापासून पक्की बसली.

मिलच्या सूत्रातला 'कितीही मोठ्या प्रमाणात' हा शब्दप्रयोग नीट पाहिला पाहिजे. प्रत लावणे म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक आहे. शासकीय खरेदी केंद्रावर धानाच्या दोन प्रती असतात, 'अ' दर्जा आणि साधारण. २०२३-२४ च्या हंगामात आधारभूत किंमत साधारण धानाला क्विंटलमागे २१८३ रुपये आणि 'अ' दर्जाला २२०३ रुपये होती. फरक वीस रुपयांचा. म्हणजे प्रत वेगळी असली तरी दोन्ही धाने एकाच हिशेबात बसतात; साधारण धानाच्या दोन क्विंटलांना 'अ' दर्जाच्या एका क्विंटलहून कितीतरी अधिक पैसे मिळतात. मिल जे सांगतो ते असे नाही. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा होतो की साधारण धानाच्या कितीही राशी घातल्या तरी 'अ' दर्जाच्या धानाची बरोबरी होणार नाही.

येथेच उपयुक्ततावादाच्या टीकाकारांनी मिलला अडवले. १८७६ मध्ये ब्रॅडलीने आणि १९०३ मध्ये मूरने घेतलेला आक्षेप सोप्या शब्दांत असा मांडता येईल. तुम्ही सुख मोजत असाल तर अधिक सुख ते अधिक चांगले, एवढेच तुम्हाला म्हणता येते. कमी सुख हे अधिक सुखापेक्षा श्रेष्ठ, असे म्हटल्याबरोबर तुम्ही सुखाखेरीज दुसरे काहीतरी मोजू लागलात; ते प्रतिष्ठा असेल, संस्कार असेल, मनुष्यत्वाची एखादी कल्पना असेल. ते चुकीचेच असेल असे नाही, पण मग सुखाचा काटा बाजूला ठेवून दुसरा काटा आणला आहे हे कबूल केले पाहिजे. सिज्विक हा स्वतः उपयुक्ततावादी. पण सुखवादाशी प्रामाणिक राहायचे तर प्रतीचा फरक शेवटी मात्रेतच उतरवावा लागेल, असे त्यानेही १८७४ मध्ये नमूद केले. मिलच्या बचावात पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु दुसरा काटा कोठून आला, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर अद्याप मिळालेले नाही.

तथापि केवळ तर्काच्या बळावर मिलला निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्याची कसोटी प्रत्यक्षात लावून पाहू. समजा, लाखनी तालुक्यातील एका गावी मंडई समितीपाशी साठ हजार रुपये शिल्लक आहेत. नाटक मंडळींना बोलवावे असे तरुणांचे म्हणणे; पुस्तके व दोन कपाटे घ्यावीत असे शाळेतील गुरुजींचे म्हणणे. बेंथमची मापे लावली तर हिशेब एकतर्फी होत नाही. नाटकाचे सुख तीव्र, निश्चित, आणि एका रात्रीत हजार-दीड हजार माणसांपर्यंत पोहोचणारे. त्यात निरक्षर म्हातारी आली आणि कडेवरचे मूलही आले. पुस्तकांचे सुख सौम्य, पण वर्षानुवर्षे टिकणारे आणि पुढे नवी सुखे उगवणारे. मात्र ते वाचणाऱ्यांपुरतेच, आणि दिवसभर रोवणी करून वाकलेल्या बाईला रात्री दिव्याखाली ते मिळेलच याची निश्चिती नाही. पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे गावातील वाचणाऱ्यांची संख्या, शाळेतील मुले, जवळपास दुसरे वाचनालय आहे की नाही, अशा गोष्टींवर अवलंबून राहील. बेंथमचा काटा ओबडधोबड आहे खरा. पण तो समितीला प्रश्न विचारायला लावतो आणि त्या प्रश्नांची उत्तरे गावात मिळू शकतात.

आता मिलचा जाणता न्यायाधीश बोलावू. दोन्ही सुखे अनुभवलेला माणूस गावात कोण? गुरुजीच. त्यांनी बालपणी दंडार पाहिली आणि पुढे ग्रंथही वाचले. पण गुरुजींचे वागणे बारकाईने पाहिले तर काय दिसते? वर्षातील पुष्कळशा रात्री ते वाचतात आणि मंडईच्या रात्री पुढच्या रांगेत बसून नाटक पाहतात. पहिले सुख दुसऱ्याच्या कितीही मोठ्या राशीसाठी सोडणार नाही, असा करार त्यांनी केलेला नाही, आणि तसा तो कोणीच करीत नाही. माणसे सुखांची निवड प्रसंगाने करतात. आज काय, उद्या काय, कोणाच्या सोबतीने, अंगात किती त्राण उरले असताना. मिलने विचारलेला प्रश्न आयुष्यात कोणापुढे उभाच राहत नाही. मग त्याचे उत्तर जाणत्यांच्या वर्तनातून मिळते, असे म्हणणे कसे टिकावे?

यापेक्षा मोठी अडचण 'दोन्ही सुखे अनुभवली' या शब्दांत आहे. तालुक्याच्या गावी राहणारा अधिकारी एकदा मंडपात डोकावून जातो. तेवढ्याने त्याने दंडारीचे सुख अनुभवले असे होत नाही. दंडार ही गावातील माणसांनीच उभी केलेली असते. दिवसा नांगर धरणारा माणूस रात्री सोंग घेऊन उभा राहतो. समोर बसलेल्यांना त्याचे घर, त्याचे भांडण, त्याची सोयरीक सारे ठाऊक असते, आणि एखाद्या कोटीवर उसळणारे हसू त्या ओळखीतून आलेले असते. ते बाहेरच्याला मिळणारच नाही. उलट त्या शेतकऱ्याला अधिकाऱ्याच्या कपाटातील ग्रंथांचे सुख मिळालेले नाही, कारण शाळा अर्धवट सुटली. म्हणजे दोघेही अर्धे साक्षीदार. तरीही निकाल देण्याचा अधिकार आपण एकाकडेच सोपवतो. खरेदी केंद्रावरील ग्रेडर धानाची प्रत दाण्यावरून ठरवतो. धान कोणाच्या बांधीतले हे विचारीत नाही. सुखाच्या बाबतीत मात्र आधी बांधी पाहिली जाते, मग दाणा.

दाणाच पाहायचा तर मिलने स्वतः घालून दिलेली खूण पुरेशी आहे. ज्या सुखात बुद्धी, भावना, कल्पना व नैतिक जाणीव राबतात ते उच्च. खडी गंमतीत उभा राहणारा गडी रात्रभराची गाणी व संवाद तोंडपाठ ठेवतो, समोरच्याने टाकलेल्या शब्दाला जागच्या जागी उत्तर रचतो, सावकारापासून सरपंचापर्यंत सर्वांची खोडी काढतो. येथे मिलच्या यादीतील कोणती शक्ती निजलेली असते? तलावातील गाळ, वनस्पती आणि मासा यांचे नाते ओळखणारा धीवर आपल्या जाणकारीत रमतो, ते सुख बुद्धीचे नव्हे तर कशाचे? मिलची खूण प्रामाणिकपणे लावली तर दंडार वरच्या बाजूलाच पडते. खुणेत दोष कमी आहे. ती लावणारे हात वर्गाचे, जातीचे आणि शाळेच्या दाखल्याचे असतात.

हा वाद सौंदर्यशास्त्रापुरता राहिला असता तर या पानावर त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. पण सुखाची प्रत ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे माणसाची प्रत ठरवण्याचा अधिकारही हळूच जातो, आणि याचा दाखला खुद्द मिलच्या लिखाणात आहे. १८५९ मध्ये त्याने मताधिकाराची एक योजना मांडली: अकुशल मजुराला एक मत असेल तर कुशल कारागिराला दोन, मुकादमाला तीन, आणि वकील, वैद्य, साहित्यिक यांना पाच-सहा. संपत्तीच्या जोरावर जादा मत त्याला नको होते, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण शिक्षणाच्या जोरावर ते हवे होते. त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात त्याने मागासलेल्या समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळले. मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीस होता आणि नागपूरच्या राज्याबरोबर आपला भंडारा मुलूख कंपनीने खालसा केला तो १८५४ मध्ये. जाणत्यांनी अजाणत्यांचे हित ठरवावे ही कल्पना आपल्या जिल्ह्याला केवळ ग्रंथातून भेटलेली नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडारा या द्विसदस्य मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता. मेहता निवडून आले. बाबासाहेब पराभूत झाले. त्या निकालाविषयी आजही अनेकांना खंत वाटते. पण त्या निवडणुकीत रोवणी करणाऱ्या बाईला जितकी मते होती तितकीच वकिलालाही होती, आणि प्रत्येक माणसाचे मूल्य समान हे तत्त्व घटना समितीत आग्रहाने मांडणारे बाबासाहेबच होते. हे तत्त्व आपल्याला मान्य असेल तर सुखाच्या हिशेबातही प्रत्येकाची गणना एक अशीच झाली पाहिजे, एकाहून अधिक नव्हे. बेंथमच्या नावावर सांगितले जाणारे हे सूत्र मिलने स्वतः आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. सुखाची उतरंड मात्र त्याला सुरुंग लावते.

येथे एक आक्षेप येईल. मग सारे सारखेच काय? दारूचे सुख आणि ग्रंथाचे सुख एकाच मापाने मोजायचे? याचे उत्तर असे की दारूला दोष देण्यासाठी तिचे सुख हलक्या प्रतीचे आहे असे म्हणावेच लागत नाही. तिच्यामागून येणारे दुःख आणि त्या दुःखाचा घरातील बायकामुलांवर पडणारा वाटा बेंथमच्या साध्या काट्यावरही दिसतो. हीच गोष्ट शंकरपटाची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. या सर्व काळात खरा प्रश्न एकच होता: पराणीची आर टोचल्याने, शेपटी पिळल्याने बैलाला यातना होतात काय, आणि त्या टाळता येतात काय? प्राण्यांच्या यातना हिशेबात धरा, असे बेंथमनेच सांगून ठेवले होते. पण त्याच वेळी 'पट म्हणजे अडाण्यांचा खेळ' असाही एक सूर ऐकू येत होता. पहिले म्हणणे दुःखाचे आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागते. दुसरे म्हणणे केवळ नावडीचे आहे. त्यात बैल कोठेच नाही.

ही दोन म्हणणी एकमेकांत मिसळली की किती नुकसान होते हे तमाशाने सोसले आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच, खेर मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली आणि पुढे ती अटी घालून उठवण्यात आली. बंदीचे कारण अश्लीलता, हीन अभिरुची. तमाशातील बाईचे शोषण होते ही वस्तुस्थिती होती, आणि त्यावर उपाय वेतनाचा, संरक्षणाचा, तिच्या मुलांच्या शिक्षणाचा होता. अभिरुचीच्या नावाने बंदी घातली तेव्हा शोषण करणाऱ्याचे काही गेले नाही; रोजी गेली ती फडावर पोट असलेल्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांची.

तर मग मिलचे काहीच शिल्लक राहत नाही काय? राहते, आणि माझ्या मते ते मोलाचे आहे. माणूस आपल्या स्वतःच्या सुखांत प्रतवारी करतो, हे मिलचे निरीक्षण खोटे नाही. रात्री दोन-दोन तास मोबाईलच्या पडद्यावर घालवणारा तरुण सकाळी स्वतःच म्हणतो की वेळ वाया गेला. नाटकात काम करून थकलेला तोच तरुण तसे म्हणत नाही. हा निवाडा त्याचा आहे, त्याच्या दोन अनुभवांमधला आहे, म्हणून त्याला वजन आहे. एका माणसाच्या आयुष्यात अशी प्रतवारी चालते. ती दुसऱ्याच्या आयुष्यावर लादता येत नाही एवढेच, कारण तेथे दोन्ही अनुभव एका मनात नसतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उच्च सुखांची जाण असलेले लोकही पुढे ती का गमावतात, या प्रश्नाला मिलने उत्तर दिले आहे की ती जाण नाजूक रोपासारखी असते. माणसाचा व्यवसाय आणि भोवतालची परिस्थिती तिला पोसणारी नसेल तर ती वाळून जाते. वेळ नाही, संधी नाही, म्हणून माणूस हाताशी असेल त्या सुखाकडे वळतो. उतरंडीच्या सिद्धान्तापेक्षा हे निदान मला अधिक खरे वाटते. मिल उत्तरायुष्यात समाजवादाकडे झुकला ते अशाच विचारांच्या वाटेने. जाणत्यांच्या निवडीची कसोटी या निदानाशी जोडली की तिचा रोखच बदलतो. दोन्ही सुखे ज्याच्या आवाक्यात नाहीत त्याच्या निवडीवरून काहीच सिद्ध होत नाही; मंडपात गर्दी आणि वाचनालयात शुकशुकाट यावरून लोकांच्या अभिरुचीविषयी निकाल देता येत नाही. रोवणीच्या दिवसांत किती तास काम, किती मजुरी, वाचनालय संध्याकाळी कामावरून परतणाऱ्याला उघडे मिळते की दुपारीच बंद होते, त्यात त्याच्या बोलीतले, त्याच्या कामाचे पुस्तक आहे काय, हे आधी विचारावे लागते.

म्हणून वर घेतलेल्या गावातील समितीपुढे कार्यकर्त्याला बोलायची वेळ आली तर त्याने वाचनालयाची बाजू अवश्य मांडावी. मुलांचा अभ्यास, शेतीची माहिती, वर्षभर पुरणारी करमणूक ही कारणे भक्कम आहेत आणि सर्वांना तपासता येण्याजोगी आहेत. नाटकातून कोणाला इजा होत असेल, कर्ज होत असेल, कोणा बाईचा अपमान होत असेल तर तेही नाव घेऊन सांगावे. मात्र 'हे सुख हलके' हा शब्द त्याने वापरू नये. तो शब्द काहीच सिद्ध करीत नाही, आणि ऐकणारा त्यातून एवढेच ऐकतो की बोलणाऱ्याने काट्यावर सुखाऐवजी त्यालाच चढवले आहे.